पत्रात नसलेले 16 लाख

‘व्यवसायात लक्षणीय वाढ झाल्याने खेळते भांडवल अपुरे पडत आहे. तरी आमची कॅश क्रेडिट मर्यादा 24 लाखांवरून 36 लाख रुपये करावी, ही विनंती.’ भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोली. वसाहत कोणतीही असो, तिथल्या बँक शाखेत अशा मजकुराचे पत्र येत असते. सोबत ताळेबंद, जीएसटीची विवरणे, पुढच्या वर्षाचा अंदाज आणि नव्या ऑर्डरींच्या प्रती. सगळे व्यवस्थित लावलेले. एकच कागद नसतो. कोणाकडून किती येणे आहे आणि ते किती दिवसांपासून, याची यादी.

ही यादी बँकेकडे नसते असे नाही. दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटबरोबर ती जातेच. पण मर्यादा वाढवून मागताना तिचा उल्लेख टाळला जातो, आणि सगळी गोम तिथेच असते.

उदाहरणादाखल सुटे भाग तयार करून देणारा एक छोटा कारखाना घेऊ. गेल्या वर्षीची विक्री 1 कोटी 20 लाख, यंदाचा अंदाज 1 कोटी 80 लाख. नायक समितीचा हिशेब शाखेतल्या प्रत्येकाला पाठ असतो. विक्रीच्या 25 टक्के इतके खेळते भांडवल लागते असे धरायचे. त्यातले 20 टक्के बँकेने द्यायचे, 5 टक्के मालकाने घालायचे. जुन्या विक्रीवर 24 लाख होतात, नव्या विक्रीवर 36 लाख. मागणी अगदी सूत्राला धरून आहे. मालकाने घालायचा वाटाही 6 लाखांवरून 9 लाखांवर जातो. ते जादा 3 लाख कुठून येणार, याबद्दल पत्र गप्प आहे. पण ते तूर्त बाजूला ठेवू.

आता त्याच कारखान्याचे ताजे स्टॉक स्टेटमेंट पाहा. माल 14 लाखांचा. त्यातल्या 4 लाखांच्या मालाचे पैसे पुरवठादाराला अजून द्यायचे आहेत, म्हणजे बँकेच्या लेखी माल 10 लाखांचा. 25 टक्के मार्जिन वजा केले की उरतात साडेसात लाख. येणी 38 लाखांची. त्यातली 16 लाखांची बिले 90 दिवसांहून जुनी आणि ती सगळी एकाच मोठ्या कंपनीकडे अडकलेली. 90 दिवस उलटलेले बिल बँक सहसा हिशेबात धरत नाही. उरलेल्या 22 लाखांवर पुन्हा 25 टक्के मार्जिन, म्हणजे साडेसोळा लाख. मार्जिनचे आकडे बँकेगणिक बदलतात, रीत तीच. दोन्हींची बेरीज 24 लाख. ही झाली ड्रॉइंग पॉवर, म्हणजे आज प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम.

मंजूर मर्यादा 24 लाख, ड्रॉइंग पॉवरही 24 लाख आणि खाते त्या टोकाला टेकलेले. उद्या बँकेने मर्यादा 36 लाख केली तरी उचलता येणार 24 लाखच. प्रोसेसिंग फी भरली जाईल, नवे दस्त होतील, त्यांवर मुद्रांक लागेल. खात्यात एक रुपयाही जास्त येणार नाही. मर्यादा विक्रीवर ठरते. उचल मात्र गोदामातल्या मालावर आणि ताज्या बिलांवर. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दहा-दहा वर्षे सीसी खाते चालवणाऱ्यांच्याही ध्यानात नसते. मॅनेजरला ते माहीत असते. तो ‘डीपी बसत नाही’ एवढेच सांगतो आणि फाईल परत करतो. का बसत नाही, हे सांगायला पाच मिनिटे लागली असती.

आता उलट बाजूने हिशेब करू. ते अडकलेले 16 लाख आज आले तर? ते सीसी खात्यात जमा होतील आणि 24 लाखांची उचल 8 लाखांवर येईल. ड्रॉइंग पॉवर घटणार नाही, कारण ही बिले तिच्यात धरलेलीच नव्हती. म्हणजे आहे त्याच मर्यादेत 16 लाख मोकळे होतात. मागितले होते 12.

मग हे पत्र बँकेला का लिहिले जाते? कारण बँकेला लिहिता येते. मोठ्या ग्राहकाच्या खरेदी विभागाला लिहायचे तर पुढची ऑर्डर डोळ्यांसमोर येते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. कायदा इतका कडक, आणि हे व्याज बिलात लावणारा पुरवठादार शोधून सापडत नाही. सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. ती बहुधा तोच करतो, ज्याला त्या ग्राहकाकडे पुन्हा जायचे नसते.

म्हणून उशीर ग्राहकाचा आणि व्याज पुरवठादाराचे, अशी वाटणी झाली आहे. त्यात जीएसटीची भर. बिल ज्या महिन्यातले, त्याचा कर पुढच्या महिन्यात भरायचा. ग्राहकाने पैसे दिले की नाही, हे सरकार विचारत नाही. 16 लाखांच्या बिलांत 18 टक्क्यांनी जवळपास 2 लाख 44 हजारांचा कर आहे. कच्च्या मालावरचा परतावा वजा जाता उरलेला कर मालकाने सीसीतूनच भरलेला असतो. न आलेल्या पैशावरचा कर, कर्ज काढून.

‘व्यवसाय वाढला’ हे वाक्य खोटे नाही. विक्री खरेच वाढली आहे. पण मॅनेजर जीएसटीच्या विवरणातली विक्री आणि सीसी खात्यात जमा झालेली रक्कम शेजारी शेजारी ठेवतो. विक्री दीडपट झाली आणि जमा जवळपास तेवढीच राहिली, तर त्याच्या मनात दोनच शक्यता येतात. एक तर पैसे दुसऱ्या बँकेतल्या खात्यात वळवले जात आहेत, नाही तर वसुली होत नाही. पत्रात खुलासा नसला की तो पहिली शक्यता धरून चालतो. प्रामाणिक माणसावर संशय येतो तो असा. ज्या कागदाने तो फिटला असता, तोच त्याने जोडलेला नसतो.

यातून काही जण जी वाट काढतात ती याहून वाईट. जुने बिल रद्द दाखवून नव्या तारखेने पुन्हा लिहायचे. मालाचा आकडा जरा फुगवायचा. एकदोन महिने निभावते. मग बँक स्टॉक ऑडिटर पाठवते. तो बिल क्रमांकांची साखळी तपासतो, ते बिल जीएसटीत कधी दाखवले ते बघतो आणि माल दुप्पट होऊनही विजेचे बिल तेवढेच का, असे विचारतो. ड्रॉइंग पॉवर खऱ्या आकड्यावर आणली की त्याच दिवशी खाते मर्यादेबाहेर जाते. तसे ते सलग 90 दिवस राहिले तर थकीत कर्जात जमा. ग्राहकाचे 90 दिवस उलटल्यावर बिल बँकेच्या हिशेबातून जाते, पुरवठादाराचे 90 दिवस उलटल्यावर खाते एनपीए होते. नियम एकसारखा दिसतो. भोगणारा मात्र दोन्ही वेळा एकच.

पत्र लिहावेच, पण मागण्या वेगळ्या करून. नव्या ऑर्डरींसाठी कच्चा माल किती लागेल, तो तयार होऊन बिल निघायला किती दिवस लागतात आणि कोणता ग्राहक किती दिवसांत पैसे देतो, हे तीन ओळींत येते. तेवढ्यापुरती मर्यादा वाढवून मागावी आणि ड्रॉइंग पॉवर कोणत्या महिन्यापासून तिला पुरेल, तेही लिहावे. अडकलेल्या 16 लाखांबद्दल वेगळा परिच्छेद हवा. ग्राहक कोण, बिले कधीची, स्मरणपत्र कधी दिले, पुढची बिले ट्रेड्सवर टाकायला तो तयार आहे का. 250 कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना या मंचावर नोंदणी आता सक्तीची आहे. पण नोंदणी म्हणजे स्वीकृती नव्हे. कंपनीने बिल मान्य केल्याशिवाय तिथे पैसे मिळत नाहीत, आणि मान्य करायचे की नाही हे पुन्हा तोच खरेदी विभाग ठरवतो. शिवाय ट्रेड्सवर विकलेले बिल स्टॉक स्टेटमेंटमधून काढावे लागते. एकाच बिलावर दोनदा पैसे उचललेले बँकेला चालत नाहीत, आणि ही चूक भाबडेपणाने झाली, असे कोणी मानत नाही.

आता पत्राला जोडलेल्या ताळेबंदाकडे वळू. तो 31 मार्चचा आहे आणि त्यात येणी नीटनेटकी दिसतात. त्याला कारण आहे. उद्योजक जिला 43बी(एच) म्हणून ओळखतात, ती तरतूद आयकरात आल्यापासून 45 दिवसांची मुदत चुकवलेले लघुउद्योगांचे पैसे वर्षअखेरीला थकलेले असतील, तर मोठ्या कंपनीला त्या खर्चाची वजावट त्या वर्षी मिळत नाही. पण मुदत उलटूनही 31 मार्चपर्यंत पैसे दिले तर वजावट मिळते. म्हणून डिसेंबरची बिले मार्चच्या शेवटच्या आठवड्यात भागतात आणि एप्रिलची पुन्हा लोंबकळायला लागतात. नूतनीकरणासाठी बँक ज्या तारखेचा ताळेबंद मागते, नेमक्या त्याच तारखेला हे दुखणे दिसत नाही. ते सप्टेंबरच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये दिसते. मालकाने पत्राला जोडायला हवे ते सप्टेंबरचे स्टेटमेंट, आणि मॅनेजरने मागायलाही तेच हवे.