पाठ वाक्ये आणि खरी आठवण

दिवंगत आप्तांवर लिहिलेले लेख आमच्याकडे दर महिन्याला येतात. नावे बदलली, तर यांतले बरेचसे लेख कोणावरही चालतील असे असतात. लिहिणाऱ्याचे दुःख खरे असते, पण ते पाठ वाक्यांखाली दबून जाते. ते मोकळे कसे करावे, हे या वेळी एका उदाहरणावरून पाहू.

समजा, एका भगिनीने आपल्या खालांवर लिहिले आहे : ‘खाला अत्यंत प्रेमळ व कष्टाळू होत्या. त्यांच्या जाण्याने कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली आहे.’

लेख एक दिवस बाजूला ठेवावा. मग पेन्सिल हातात घेऊन तो मोठ्याने, सावकाश वाचावा. जिथे कागदाकडे न पाहताही जीभ वाक्य पुरे करते, तिथे खाली रेघ ओढावी. शंका असेल तर घरातल्या कोणाला अर्धे वाक्य ऐकवावे. ‘कधीही भरून न निघणारी’ म्हणताच समोरचा ‘पोकळी’ म्हणाला, तर ते शब्द खालांचे नव्हेत. ‘इन्ना लिल्लाहि’ मात्र याच्या कक्षेत येत नाही. ती दुआ आहे, ती जशीच्या तशी राहू द्यावी.

प्रत्येक रेघेपुढे समासात एक प्रश्न लिहावा. ‘कष्टाळू’पुढे : काय करीत? ‘प्रेमळ’पुढे : कोणासाठी काय केले?

आता मूळ लेख कपाटात ठेवून, तो न पाहता, कोऱ्या कागदावर हाताने पुन्हा लिहावे. हात हळू चालतो, त्यामुळे उत्तर आठवायला वेळ मिळतो. आता असे उतरेल : ‘खाला चाळीस वर्षे शिवणकाम करीत. ईदच्या आधी पंधरा दिवस त्यांची मशीन रात्रीही चाले. ज्या घरात कमावते माणूस नसे, तिथल्या मुलांचे कपडे त्या आधी शिवीत आणि शिलाई घेत नसत.’

लेख इथे पुरा झाला असे वाटते, पण तुलना बाकी असते. दोन्ही कागद शेजारी ठेवून नावे, साले, नाती यांवर एकेक खूण करीत जावे. मूळ लेखात मशीन 1979 मध्ये घेतली आणि 2016 मध्ये बंद केली असे आहे. म्हणजे वर्षे 37 होतात, चाळीस नव्हे. शिवाय त्या कमाईवर दोन मुली शिक्षिका झाल्या, हे नव्या कागदावरून गळाले आहे. आठवणीतून लिहिताना आकडे गोल होतात आणि माणसे सुटतात. म्हणून साल दुरुस्त करावे, मुली परत आणाव्यात. मूळचे एखादे वाक्य अधिक चांगले असेल तर तेही परत घ्यावे.

शेवटी नवा लेख पुन्हा एकदा मोठ्याने वाचावा, कारण पाठ वाक्ये दुसऱ्या मसुद्यातही शिरतात. हा लेख उद्या त्या दोन मुलींच्या हाती पडेल. त्यात त्यांना आपली आई दिसली पाहिजे.