करून पाहू या : एक चमचा की तीन चमचे?

बालमित्रांनो, आज स्वयंपाकघरातला खायचा सोडा घेऊ. एक पेला पाण्यात एक चमचा सोडा विरघळवला आणि दुसऱ्या पेल्यात तीन चमचे, तर दुसरं पाणी तिप्पट तीव्र आम्लारी होईल का? देहूतल्या आमच्या वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेक हात ‘हो’ म्हणून वर येतात. उत्तर मात्र ‘नाही’ असं आहे. दोन्ही पेल्यांतल्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, जवळजवळ सारखाच येतो : ८.३ च्या आसपास.

सामूची पट्टी तुम्हाला ठाऊक आहे. डेन्मार्कच्या सोरेनसन यांनी ती १९०९ मध्ये मांडली. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी. पट्टीवर एक घर सरकलं की फरक दहापट होतो, आणि दोन घरं सरकली की शंभरपट.

आता सोड्याकडे वळू. तो पाण्यात विरघळला की त्यातून बायकार्बोनेटचे आयन सुटे होतात. हा आयन मोठा गमतीचा आहे. त्याच्याकडे एक हायड्रोजन आहे. तो दुसऱ्याला देऊन टाकला, तर त्याचा कार्बोनेट होतो. उलट दुसऱ्याकडून आणखी एक घेतला, तर कार्बोनिक आम्ल होतं. म्हणजे हा देणाराही आणि घेणाराही!

पण पेल्यात दुसरं आहे कोण? सगळे बायकार्बोनेटच. म्हणून एकाने दिला की तो दुसऱ्या बायकार्बोनेटलाच घ्यावा लागतो. एका देवाणघेवाणीत एक कार्बोनेट आणि एक कार्बोनिक आम्ल तयार होतं. म्हणजे दोन्हींची संख्या सारखीच राहणार. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, सगळं गणित तिच्यावरच उभं आहे.

शास्त्रज्ञांनी या दोन्ही क्रियांचे विचरण स्थिरांक मोजले आहेत. सामूच्या पट्टीवर मांडले तर पहिला येतो ६.३५ वर. तिथे कार्बोनिक आम्ल आणि बायकार्बोनेट निम्मेनिम्मे असतात. दुसरा येतो १०.३३ वर. तिथे बायकार्बोनेट आणि कार्बोनेट निम्मेनिम्मे. आपल्या पेल्यात कार्बोनिक आम्ल आणि कार्बोनेट सारखेच हवेत, म्हणजे सामू या दोन खुणांपासून सारख्याच अंतरावर हवा. मग तो अगदी मधोमधच असणार! मधला आकडा काढायचा तर सरासरी :

(६.३५ + १०.३३) ÷ २ = ८.३४

दोन्ही खुणा इथून सुमारे दोन घरं लांब आहेत. म्हणून शंभर बायकार्बोनेटमागे साधारण एक कार्बोनिक आम्ल आणि एक कार्बोनेट सापडतो. आणि पाहा, या हिशेबात चमच्यांची संख्या कुठे आलीच नाही. सोडा वाढवला तर तिन्ही गोष्टी सारख्याच प्रमाणात वाढतात, सामू तिथेच राहतो. फार घट्ट द्रावणात आयनांची दाटी होऊन तो किंचित खाली येतो, आणि बादलीभर पाण्यात चिमूटभरच सोडा टाकला तर पाण्याचा स्वतःचा सामू आपला प्रभाव दाखवतो. धुण्याच्या सोड्याचं तसं नाही बरं का! त्यात फक्त घेणारा कार्बोनेट असतो. त्याचा सामू ११ च्या पुढे जातो आणि सोडा वाढवला की आणखी चढतो.

आता करून पाहा. टिपकागदाला हळदीची ओली पेस्ट लावून वाळवा आणि पट्ट्या कापा. एक चमचा आणि तीन चमचे सोडा घातलेल्या पेल्यांत एकेक पट्टी बुडवा. दोन्हींचा रंग थोडासाच तांबूस होईल, जवळपास सारखा. मग एक चमचा सोड्याचं पाणी मोठ्या माणसांकडून दहा-पंधरा मिनिटं उकळून घ्या आणि थंड झाल्यावर त्यात तिसरी पट्टी बुडवा. ती जास्त लाल दिसेल. असं का? उकळताना कार्बन डायऑक्साइड उडून गेला, कार्बोनेट मागे राहिला, सारखेपणा मोडला आणि सामू १० कडे सरकला. म्हणून प्रयोगाला ताजं द्रावणच घ्यायचं.

पालकांसाठी एक गोष्ट. गॅरेजमध्ये बॅटरीचं आम्ल फरशीवर सांडलं की त्यावर खायचा सोडा टाकतात, तो याच कारणाने. सोडा जास्त पडला तरी सामू ८.३ च्या पुढे फारसा जात नाही. कॉस्टिक सोडा जास्त पडला, तर आम्लाच्या जागी दुसरंच भाजणारं द्रावण तयार होईल. मात्र आम्ल अंगावर किंवा डोळ्यांत उडालं, तर सोडा शोधत बसू नका. लगेच भरपूर वाहत्या पाण्याने धूत राहा आणि डॉक्टरांकडे जा.

आणि मुलांनो, तुमच्या तिन्ही पट्ट्या वहीत चिकटवा. प्रत्येकीखाली सामूचा अंदाज लिहायला विसरू नका!