वेग कमी करून मोडची चूक सुटत नाही

W25Q64 ही ८ मेगाबाइटची फ्लॅश चिप कंट्रोलरला जोडायची आणि तिला 0x9F हा आदेश पाठवायचा. सगळं ठीक असेल तर ती आपली ओळख सांगते: EF 40 17. त्याऐवजी FF FF FF आलं, की बहुतेक जण आधी क्लॉकचा वेग उतरवतात. १० मेगाहर्ट्झवरून १ वर, मग १०० किलोहर्ट्झवर. तरीही FF FF FF. माझ्या मते हे अपयशच सर्वांत उपयोगी माहिती देतं, कारण बिघाड वायरिंगचा की मोडचा, हे त्यावरून बरंचसं कळतं.

एसपीआयमध्ये पाठवणारा आणि घेणारा यांच्यात दुसरी कसलीही समजूत नसते, असते ती फक्त क्लॉकची. क्लॉकच्या प्रत्येक फेरीत दोन एज येतात, एक वर जाणारी आणि एक खाली येणारी. एकीवर डेटा बदलायचा आणि दुसरीवर वाचायचा, म्हणजे वाचण्याच्या क्षणी बिट अर्धी फेरी आधीपासून स्थिर असतो. १ मेगाहर्ट्झला ही अर्धी फेरी ५०० नॅनोसेकंदांची. CPOL एवढंच सांगतो, की काम नसताना क्लॉक खाली थांबेल (0) की वर (1). CPHA सांगतो, की वाचन फेरीतल्या पहिल्या एजवर (0) की दुसऱ्या (1). CPHA शून्य असेल तर पहिलीच एज वाचण्याची, म्हणून पहिला बिट तिच्याआधी, CS खाली येतानाच लाइनवर हजर असावा लागतो.

मोडचे चार आकडे पाठ करण्यापेक्षा एकच विचारावं: घेणारी चिप कोणत्या एजवर वाचते? मोड 0 मध्ये क्लॉक खाली थांबतं आणि पहिली एज वर जाणारी. मोड 3 मध्ये ते वर थांबतं आणि दुसरी एज वर जाणारी. म्हणजे दोन्हींत वाचन वर जाणाऱ्या एजवरच. म्हणूनच W25Q64 ला दोन्ही चालतात. 1 आणि 2 मध्ये वाचन खाली येणाऱ्या एजवर.

आता कंट्रोलर चुकून मोड 1 वर ठेवला आहे असं धरा. तो वर जाणाऱ्या एजवर बिट बदलतो आणि फ्लॅश नेमकी त्याच एजवर वाचते. कंट्रोलरचा नवा बिट क्लॉकनंतर काही नॅनोसेकंदांनी लाइनवर पोचतो, त्यामुळे फ्लॅशच्या हाती आधीचा बिट लागतो. 0x9F म्हणजे 10011111. फ्लॅश वाचते एक बिट उशिराने: आधी लाइनवर जे काही होतं ते, मग 1001111. तिच्यापर्यंत पोचतो 0x4F किंवा 0xCF. हा ओळख विचारण्याचा आदेशच नाही. ती गप्प राहते, पुल-अपने लाइन वर धरलेली असते आणि कंट्रोलर FF वाचतो.

इथे वेगाचा काहीच संबंध नाही. क्लॉक शंभरपट मंद केलं तरी दोन्ही घटना त्याच एजवर घडतात, त्यांच्यातलं अंतर तेवढंच काही नॅनोसेकंदांचं राहतं. उलट वायर लांब असेल, चिपचं उत्तर उशिरा पोचत असेल, तर वेग कमी करताच उत्तर सुधारतं. त्याहून घातक प्रकार वेगळाच: क्लॉकच्या लाइनवर लेव्हल शिफ्टर बसवला आणि क्लॉक डेटापेक्षा थोडं उशिरा पोचू लागलं, तर चुकीच्या मोडमध्येही फ्लॅशला नवा बिट मिळतो आणि सगळं चालतं. पुढच्या बोर्डवर शिफ्टर नसला की बंद पडतं. लॉजिक अ‍ॅनलायझरवर म्हणूनच आलेला आकडा पाहू नका. वाचण्याच्या एजवर डेटाची रेघ सपाट आहे की तिथेच बदलते आहे, ते पाहा.

एकाच बसवर दोन चिप असतात तेव्हा हा प्रश्न खरा टोचतो. तापमान मोजणाऱ्या MAX31865 ला CPHA 1 लागतो. CPOL मात्र तिला कोणताही चालतो, कारण CS खाली येताना क्लॉक वर आहे की खाली, हे पाहून ती ध्रुवता स्वतः ठरवते. म्हणजे तिला मोड 1 आणि 3 चालतात, फ्लॅशला 0 आणि 3. बस मोड 3 वर ठेवली, तर चिप बदलताना मोड बदलायची गरजच उरत नाही. अट एकच, CS खाली ओढण्याआधी क्लॉक वर स्थिरावलेलं हवं:

```
SPI.beginTransaction(SPISettings(1000000, MSBFIRST, SPI_MODE3));
digitalWrite(CS, LOW);
```

हा क्रम उलटा केला, तर CS खाली असताना क्लॉक वर उडी मारू शकतं. फ्लॅश ती उडी एक बिट म्हणून मोजते आणि पुढचा सारा आदेश एका जागेने सरकतो. MAX31865 ध्रुवताच चुकीची ठरवते. काही कंट्रोलर नव्या CPOL ची पातळी पिनवर पहिल्या हस्तांतरणापर्यंत आणत नाहीत. तिथे मोड लावल्यावर, सगळे CS वर असतानाच, एक बिनकामाचा बाइट पाठवून घ्यावा आणि मगच चिप निवडावी.