क्लासची फी नेमकी कशासाठी?

दहावीचं वर्ष आलं की वस्तीत दोन सल्ले फिरतात. एक, ‘कर्ज काढ, पण क्लास लाव.’ दुसरा, ‘हुशार मुलांना क्लास लागत नाही, जिद्द लागते.’ दुसरा सल्ला देणाऱ्यांच्या घरी बहुतेक वेळा वही तपासणारं कुणीतरी असतं. ती तपासणी त्यांना मेहनतीत मोजावीशी वाटत नाही, एवढंच.

शेजारच्या मुलीसाठी तिच्या आईला वर्षाची २२ हजार फी सांगितली होती. आई चार घरची धुणीभांडी करते, महिन्याला नऊ हजार मिळतात. क्लास दोन तासांचा, जाऊन-येऊन आणखी तासभर. शाळा, पाणी भरणं आणि संध्याकाळचा स्वयंपाक धरला, तर स्वतः गणितं सोडवायला तिच्याकडे जेमतेम अर्धा तास उरणार होता. म्हणून आधी एक साधी चाचणी घेतली. क्लासच्या मोफत ‘डेमो’त तिनं उतरवून घेतलेलं गणित दोन दिवसांनी वही मिटून कोऱ्या कागदावर सोडवायला दिलं.

गणित होतं x² − 15x + 54 = 0. मधल्या पदाची फोड करायची हे तिला पाठ होतं. पण गुणाकार ५४ आणि बेरीज उणे १५ येईल अशा दोन संख्या तिला सापडेनात. ९ आणि ६ सुचले, पण दोन्ही उणे घेतले तर गुणाकार अधिक येतो, हे तिला माहीत नव्हतं. म्हणजे अडचण दहावीच्या धड्यात नव्हतीच. ती सातवीतल्या चिन्हांच्या नियमात आणि आठवीतल्या अवयवांत होती. साठ मुलांची बॅच तिच्यासाठी आठवीत मागे जात नाही. फळ्यावरचं उत्तर उतरवताना सगळं समजल्यासारखं वाटतं, आणि हा भास वर्षभर टिकू शकतो.

आम्ही आठवीचं पुस्तक काढलं. अवयवांचे सरावसंच तीन आठवडे चालले, मग ती दहावीच्या धड्याकडे परतली. बीजगणितात हे जमतं, कारण उत्तर समीकरणात घालून पडताळता येतं आणि पुस्तकात मागे उत्तरंही असतात. भूमितीत तसं नाही. सिद्धतेत एखादी पायरी गाळली किंवा कारण चुकीचं लिहिलं, तर शेवटची ओळ तरीही बरोबरच दिसते. तिथं दुसऱ्याचे डोळे लागतात, आणि पहिल्या पिढीच्या घरात तेच नसतात.

त्यामुळे माझं मत असं की पैसे द्यायचेच असतील तर शिकवण्यासाठी देण्याआधी तपासणीसाठी द्यावेत. क्लासवाल्याला विचारावं : चाचणीचे पेपर कोण तपासतं, चुका दाखवून परत मिळतात का, फक्त भूमितीची महिन्याची फी किती? आमच्या भागातल्या एका क्लासनं एकटा विषय द्यायला साफ नकार दिला. शेवटी वस्तीतल्या बी.एस्सी.च्या एका मुलीनं रविवारी वही पाहायचं कबूल केलं, महिना पाचशे रुपयांत. इंग्रजीचं मात्र अजून काही जमलेलं नाही.