विश्लेषण : वग बदलतो, सोंगाड्या तोच कसा राहतो? तमाशातील विनोदी सोंगाची घडण आणि त्याला लागणारा वेळ

गुढीपाडव्याच्या सुमारास जुन्नर तालुक्यातील नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. जुन्नर-आंबेगावसह राज्यातल्या गावोगावच्या यात्रा कमिट्या तिथे येतात, तारीख सांगतात, रक्कम ठरते आणि सुपारी दिली जाते. बोलणी होते ती कलावंत किती, गाणी कोणती, रंगमंच आणि लाइट कसे याची. फडात सोंगाड्या कोण आहे आणि त्याला वगात किती वेळ मिळणार, हा प्रश्न मात्र मागे पडत चालला आहे. तो विचारायला हवा, कारण विनोदी कलाकाराचे ‘सोंग’ कसे उभे राहते याचे पिढ्यानपिढ्या घासूनपुसून तयार झालेले ज्ञान याच राहुट्यांमध्ये आहे. ते टिकायचे तर त्याला वेळ लागतो, आणि नेमका तोच कमी होतो आहे.

सोंग म्हणजे नेमके काय?

विनोद, भूमिका आणि सोंग या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. विनोद एका वाक्याचा असतो. भूमिका एका वगापुरती असते. आज शिपाई, उद्या नोकर, परवा गावचा सांगकाम्या. सोंग या सगळ्यांतून कायम राहते. वगातला राजा बदलतो, कथा बदलते, पण सोंगाड्या रंगमंचावर आला की प्रेक्षक त्याला ओळखतो. हा कशाला घाबरतो, कोणापुढे वाकतो आणि कशावर याचा जीव आहे, हे त्याला आधीच ठाऊक असते.

म्हणूनच मुरलेल्या सोंगाड्याला हशा अनेकदा वाक्य पूर्ण होण्याआधीच मिळतो. समोरच्याने प्रश्न विचारला की हा काय करणार, याचा अंदाज प्रेक्षकाने बांधलेला असतो. अंदाज खरा ठरल्याची गंमत असते आणि तो जरासा हुकला तर त्याहून जास्त. पण अंदाज बांधता येण्यासाठी सोंगात सातत्य लागते. भित्रा माणूस दहा मिनिटांनी कारण नसताना शूर झाला, तर प्रेक्षकाच्या हातातला धागाच सुटतो.

मावशी इतकी चिडचिडी का?

कुरकुऱ्या वडीलधाऱ्याचे सोंग पाहायचे तर तमाशातली गौळण पाहावी. गणानंतर गौळण येते. दूध-दही घेऊन गौळणी मथुरेच्या बाजाराला निघतात, कृष्ण आणि पेंद्या वाट अडवतात. गौळणींची म्होरकी असते मावशी, आणि ती परंपरेने पुरुष कलाकार करतो.

मावशी सगळ्यांवर करवादते. पोरी हळू चालतात, पेंद्या आगाऊ आहे, कृष्णाला वळण नाही. पण नुसती चिडचिड फार वेळ हसवत नाही, थोड्या वेळात ती कंटाळवाणी होते. म्हणून या सोंगात एक खिडकी ठेवलेली असते. मावशीला आपले वय मान्य नसते. पेंद्याने पोरींची छेड काढली की ती खवळते, आणि त्याने तिला ‘म्हातारी’ म्हणून वगळले की त्याहून जास्त खवळते. वरवर राग तोच, पण कारण उलटे. प्रेक्षक हसतो तो या उलट्या कारणाला.

इथे सोंग घडवण्याचा पहिला नियम दिसतो. स्वभावाला एक ठळक बाजू द्यायची आणि तिच्याशी भांडणारी एक लपलेली इच्छा द्यायची. ठळक बाजूने ओळख पटते. प्रसंग बदलला तरी नवा विनोद निघत राहतो, तो लपलेल्या इच्छेतून.

भित्रा सोंगाड्या संवाद पाठ करतो का?

अनेक वगांना पूर्वी शब्दशः लिहिलेली संहिता नसे. कथेचा सांगाडा सांगितला जाई आणि संवाद रंगमंचावरच घडत. अशा वेळी सोंग हेच सोंगाड्याचे पाठांतर. आपला माणूस कोण आहे हे पक्के असले की काय बोलायचे ते आपोआप सुचते.

उदाहरणासाठी एक प्रसंग कल्पून पाहू. सोंगाड्या राजवाड्यावर पहारेकरी आहे. प्रधान विचारतो, ‘‘रात्री चोर आला तर काय करशील?’’ सोंगाड्या म्हणतो, ‘‘किती जण हाईत ते इचारीन.’’ प्रधान म्हणतो, ‘‘एकटाच असला तर?’’ सोंगाड्या म्हणतो, ‘‘त्याच्याजवळ जाऊन बसंन.’’ ‘‘का रे?’’ ‘‘रातच्या टायमाला एकट्याला भ्या वाटतं ना!’’

भीती कोणाला वाटते, चोराला की पहारेकऱ्याला, हे तो सांगत नाही. प्रेक्षकाला मात्र कळते. हेच वाक्य एखाद्या चतुर, बेरकी माणसाच्या तोंडी घातले तर ती फक्त थट्टा होईल. भित्र्याच्या तोंडी ती कबुली होते. कोणाच्याही तोंडी शोभेल असा विनोद सोंगाचा नसतो, ही साधी कसोटी इथे लावता येते.

या प्रसंगाचा खरा मोबदला पुढे आहे. तासाभराने वगात खरोखरच चोर येतो. सोंगाड्या काहीच बोलत नाही. तो फक्त बाजेवर थोडा सरकतो आणि चोराला बसायला जागा करून देतो. हशा फुटतो, आणि तोही एका शब्दाशिवाय. मधल्या तासात प्रेक्षकाने त्या माणसाला ओळखलेले असते म्हणून हे साधते. दोन प्रसंगांतले अंतर काढून टाकले, तर उरते फक्त सरकणे.

समोरचा प्रधानही तितकाच महत्त्वाचा. तो गंभीर राहिला, त्याने खरोखर जाब विचारला, तरच भित्रेपणा दिसतो. तोही हसू लागला की सोंगाड्याला घाबरायला कारणच उरत नाही.

दादा कोंडके यांनी हे पडद्यावर कसे नेले?

याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे दादा कोंडके. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याने त्यांना रंगभूमीवर नाव दिले. १९७१ च्या ‘सोंगाड्या’ चित्रपटात ते नाम्या झाले. आईच्या धाकातला हा भोळा पोरगा तमाशाच्या आणि तमाशातल्या कलावतीच्या ओढीने घराबाहेर पडतो.

ढगळ अर्धी चड्डी, तिची लोंबती नाडी आणि लहान मुलासारखा चेहरा. एवढ्या सामग्रीवर हे सोंग उभे होते. त्यातली खरी कारागिरी चेहऱ्याची. संवाद द्वयर्थी, पण बोलणाऱ्याला दुसरा अर्थ माहीतच नाही असा आव. प्रेक्षकाला अर्थ कळतो आणि तोच चोरटा ठरतो. दादांनी एकदा जरी डोळा मारला असता, तरी नाम्याचा भोळेपणा संपला असता आणि वाक्य फक्त अश्लील उरले असते.

१९७५ च्या ‘पांडू हवालदार’मध्ये चड्डीच्या जागी खाकी गणवेश आला. नोकरी बदलली, नावही बदलले, पण माणूस तोच राहिला. अंगावर सत्तेचा पोशाख आणि आत तोच भाबडा. गणवेश आणि स्वभाव यांतल्या या तफावतीने नवा विनोद दिला. भोवतीची माणसेही फारशी बदलली नाहीत. त्यांच्या अनेक चित्रपटांत आई रत्नमाला यांनीच साकारली, नायिका उषा चव्हाण होत्या. सोंग टिकते ते असे. एक गोष्ट बदलायची आणि बाकीच्या जागच्या जागी ठेवायच्या.

सोंग गळ्यात पडते तेव्हा?

सातत्याची किंमतही मोजावी लागते. सांगली जिल्ह्यातील कवलापूरचे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ ‘जहरी प्याला’ या वगातल्या हवालदारांच्या जोडीमुळे ‘काळू-बाळू’ झाले आणि पुढे त्याच नावाने ओळखले गेले. तिथे सोंगाने नाव दिले आणि फड मोठा केला.

गणपत पाटील यांच्या वाट्याला उलटा अनुभव आला. मराठी चित्रपटांत त्यांनी नाच्या इतका हुबेहूब वठवला की लोक त्यांना प्रत्यक्षातही तसेच समजू लागले. संसारी माणसाला आणि त्याच्या कुटुंबाला त्याचे चटके बसले. त्यांच्या आत्मचरित्राचे नावही ‘रंग नाच्याचा’ असेच आहे. भित्रेपणा किंवा कुरकुर यांचे सोंग उतरवून ठेवता येते. ज्याची समाज आधीच हेटाळणी करतो, ते सोंग प्रेक्षक उतरवू देत नाही. हा दोष कलाकाराचा नाही, पाहणाऱ्यांचा आहे.

मग आज अडचण कुठे आहे?

एकेकाळी तमाशा रात्रभर चाले. आता ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. सणासुदीसाठी १२ पर्यंतची मुभा राज्य सरकार वर्षातले मोजकेच दिवस देऊ शकते. नियमामागचे कारण योग्यच आहे. झोपलेली मुले, आजारी माणसे गावातही असतात. पण उरलेल्या वेळातून कात्री कशाला लावायची, हा निर्णय नियमाने घेतलेला नाही. तो फड आणि यात्रा कमिटी घेतात, आणि ती बहुतेक वेळा वगालाच लागते. चित्रपटगीतांना ‘वन्स मोअर’ मिळतो, वग आटतो.

वग आटला की सोंगाड्याकडे उरतात सुटे विनोद. ते मोबाइलवर आधीच ऐकलेले असतात. प्रेक्षक हसत नाही म्हणून सोंगाड्या स्वतःच हसू लागतो, आवाज चढवतो, भित्रा असूनही मधेच शहाणपणाचा टोमणा मारतो. सोंग मोडत असल्याच्या या खुणा आहेत. मग ‘आता पूर्वीसारखे सोंगाडे राहिले नाहीत’ असा निष्कर्ष निघतो. कलाकार राहिले नाहीत असे नाही, पहारेकरी आणि चोर यांच्यामधला तो तास राहिलेला नाही.

यावर उपाय महागडा नाही. कार्यक्रम लवकर सुरू करणे आणि गाण्यांची संख्या सुपारीतच ठरवणे शक्य आहे. जिथे दुसऱ्या दिवशी सकाळी हजेऱ्या होतात, तिथे रात्रीच्या वगातला सोंगाड्या त्याच सोंगात पुन्हा आणता येईल. गाव त्याला रात्रीपासून ओळखतच असते. पाडव्याला नारायणगावच्या राहुटीत बसलेल्या कमिटीने सुपारीचा विडा देण्याआधी एवढेच विचारावे, ‘‘सोंगाड्या कोण आहे, आणि वग किती वेळ चालेल?’’