खातं बंद, पैसे अडकले: विक्रेत्याच्या करारात नेमकं काय लिहिलेलं असतं?

समजा, सोलापूरचा एक छोटा विक्रेता ऑनलाइन बाजारपेठेवर चादरी विकतो. ऐन दिवाळीच्या आधी त्याचं खातं बंद होतं. विकलेल्या मालाचे १ लाख २० हजार रुपये कंपनीकडे असतात, पण मिळत नाहीत. कंपनी हे करू शकते ती नोंदणीच्या वेळी न वाचता मान्य केलेल्या कराराच्या जोरावर.

खातं थांबवण्याचं कलम आणि पैसे रोखण्याचं कलम करारात अनेकदा लांब लांब असतात. ती एकत्र वाचायला हवीत. पहिल्यात 'आमच्या मते नियमभंग झाल्यास' एवढंच लिहिलेलं असू शकतं. दुसऱ्यात समजा ९० दिवसांची मुदत आहे. ती खातं बंद झाल्यापासून मोजायची की 'चौकशी संपल्यापासून'? दुसरं असेल, तर चौकशी कधी संपवायची हे कंपनीच ठरवणार. रोखायची रक्कम फक्त वादातल्या ऑर्डरची की सगळी, हेही पाहावं.

पैसे रोखण्यामागे एक खरं कारण आहे: चार्जबॅक. ग्राहक बँकेकडे तक्रार करतो आणि कार्डाने दिलेले पैसे परत घेतो. व्हिसाच्या नियमांत बहुतेक वादांसाठी साधारण १२० दिवस मिळतात. म्हणजे वाद विक्रीनंतर काही महिन्यांनीही येऊ शकतो आणि करारानुसार त्याचा भार बहुधा विक्रेत्यावर टाकलेला असतो. त्यामुळे पुरावा द्यायला किती दिवस मिळतात आणि निकालावर हरकत घेता येते का, हे महत्त्वाचं.

खरी मेख जबाबदारीच्या कलमात असते. समजा, कंपनीची जबाबदारी 'मागच्या सहा महिन्यांत घेतलेल्या शुल्काइतकी' आहे आणि आपल्या विक्रेत्याने ६० हजार रुपये शुल्क भरलंय. मग खातं चुकून बंद केलं हे सिद्ध झालं, तरी भरपाई जास्तीत जास्त ६० हजार. बुडालेला दिवाळीचा नफा बहुधा वगळलेलाच असतो. विक्रेत्याच्या जबाबदारीला मात्र अनेकदा कमाल मर्यादाच नसते.

ही कलमं बदलू शकतात. २०१८ मध्ये जर्मनीच्या स्पर्धा नियामकाने ॲमेझॉनच्या अशाच अटींची चौकशी सुरू केली. २०१९ मध्ये ॲमेझॉनने युरोपातल्या अटी बदलल्या: एरवी करार संपवताना ३० दिवसांची सूचना, तात्काळ बंदी घातल्यास कारण, आणि कंपनीच्या हेतुपुरस्सर कृतीची वा गंभीर निष्काळजीपणाची जबाबदारी.

भारतातले २०२० चे ई-कॉमर्स नियम मुख्यतः ग्राहकासाठी आहेत. लघुउद्योगांना ४५ दिवसांत पैसे देण्याचा कायदा माल 'खरेदी करणाऱ्या'ला लागू होतो. बाजारपेठ स्वतःला मध्यस्थ म्हणवते.

त्यामुळे विक्रेत्याच्या हातात उरतो तो पुरावा. खातं बंद झाल्यावर पॅनेलही उघडेनासं होऊ शकतं. म्हणून इन्व्हॉइस, पोहोच पावत्या, पेमेंट अहवाल आणि मान्य केलेल्या कराराची प्रत दर आठवड्याला स्वतःकडे उतरवून ठेवावी.