कंपनी 90 दिवसांनी पैसे देते? मंगरूळपीरच्या डाळ मिलने बिल कसं वटवायचं

जानेवारी उजाडला की वाशीम जिल्ह्यात नवी तूर बाजारात यायला लागते. मंगरूळपीरच्या डाळ मिलवाल्यासाठी हेच खरेदीचे दिवस. पण तूर घेतली की शेतकऱ्याचे पैसे लगेच मोजावे लागतात, आणि त्याच तुरीची डाळ करून मोठ्या कंपनीला दिली की कंपनी म्हणते, "आमची पेमेंट टर्म 90 दिवस आहे." म्हणजे जानेवारीत दिलेल्या मालाचे पैसे एप्रिलमध्ये. तोपर्यंत तुरीची आवक ओसरलेली असते.

अशा वेळी मिलवाला काय करतो? बँकेची कॅश क्रेडिट लिमिट संपलेली असेल, तर गावातल्याच कुणाकडून शेकडा दोन रुपये महिन्याने पैसे उचलतो. खरं तर त्याच्या हातात एक चांगली वस्तू पडून असते : मोठ्या कंपनीवर काढलेलं बिल. ते बिल मुदतीआधी वटवता आलं तर? पूर्वी हुंडी वटवायचे, तसंच. आज हे काम ऑनलाइन होतं आणि त्या व्यवस्थेचं नाव आहे ट्रेड्स.

ट्रेड्स म्हणजे नेमकं काय?

रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2014 मध्ये या व्यवस्थेची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि 2017 पासून प्रत्यक्ष व्यवहार सुरू झाले. आरएक्सआयएल, एमवनएक्सचेंज आणि इन्व्हॉइसमार्ट हे त्यातले तीन जुने प्लॅटफॉर्म. प्लॅटफॉर्म स्वतः पैसे देत नाही. तिथे तीन पक्ष एकत्र येतात : माल देणारा छोटा उद्योग, माल घेणारी कंपनी आणि पैसे लावणारी बँक किंवा फॅक्टरिंग कंपनी.

सध्या हा विषय महत्त्वाचा का झाला? आधी 500 कोटींपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांनाच ट्रेड्सवर नोंदणी सक्तीची होती. नोव्हेंबर 2024 च्या अधिसूचनेने ही मर्यादा 250 कोटींवर आणली आणि नोंदणीसाठी 31 मार्च 2025 ही मुदत दिली. केंद्र सरकारच्या कंपन्यांना तर उलाढालीची अटच नाही, सगळ्यांना नोंदणी करावी लागते. त्यामुळे तुमचा ग्राहक काल ट्रेड्सवर नसला, तरी आज असू शकतो.

एक बिल, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा, मंगरूळपीरच्या एका मिलने एका मोठ्या खाद्यपदार्थ कंपनीला 10 लाख रुपयांची तूरडाळ पाठवली. माल पोचल्यापासून 90 दिवसांनी पैसे, असं ठरलंय. गाडी शेलूबाजारहून समृद्धी महामार्गाला लागली आणि माल कंपनीच्या गोदामात उतरला. तो आपला पहिला दिवस.

मिलवाला ट्रेड्सवर लॉगिन करतो आणि बिलाचा तपशील भरतो. या नोंदीला 'फॅक्टरिंग युनिट' म्हणतात. ती कंपनीकडे जाते. कंपनीचे लोक माल, वजन, दर तपासतात आणि 'स्वीकारलं' असं बटण दाबतात. आपल्या उदाहरणात याला दहा दिवस लागले असं धरू.

कंपनीने स्वीकारल्यावर बिल बोलीसाठी खुलं होतं. एक बँक म्हणते 9.8 टक्के, दुसरी 9.4, तिसरी 9. मिलवाला 9 टक्क्यांची बोली घेतो. मुदतीचे 80 दिवस उरलेत, म्हणून हिशोब असा :

```
10,00,000 × 9/100 × 80/365 = 19,726
10,00,000 − 19,726 = 9,80,274
```

साधारण एक-दोन कामकाजाच्या दिवसांत 9,80,274 रुपये मिलच्या खात्यात येतात. प्लॅटफॉर्मची फी आणि तिच्यावरचा जीएसटी वेगळा, तो आधी दरपत्रकात बघून घ्यायचा. नव्वदाव्या दिवशी कंपनीच्या खात्यातून 10 लाख आपोआप कापले जातात आणि पैसे लावणाऱ्या बँकेला मिळतात.

व्याज आधीच कापलेलं असल्यामुळे हातात आलेल्या रकमेवर खरा दर सुमारे 9.18 टक्के पडतो. तेच 10 लाख 80 दिवसांसाठी शेकडा दोनने घेतले असते, तर 53,333 रुपये गेले असते. म्हणजे एका बिलामागे तेहतीस हजारांहून जास्त फरक.

छोट्या मिलला इतका कमी दर का मिळतो?

कारण बँक इथे मिलला जोखतच नाही, ती कंपनीला जोखते. पैसे परत कंपनीकडून यायचे आहेत, म्हणून दर कंपनीच्या पतीवर ठरतो. मिलकडून तारण घेतलं जात नाही.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. बँकेत नेहमीच्या पद्धतीने बिल वटवलं आणि ग्राहकाने पैसे बुडवले, तर बहुतेक वेळा बँक तुमच्याकडेच वसुलीला येते. ट्रेड्सवर तसं होत नाही. कंपनीने एकदा बिल स्वीकारलं की नव्वदाव्या दिवशी पैसे न देणं ही कंपनीची थकबाकी मानली जाते आणि बँक कंपनीच्या मागे लागते. मिलला मिळालेले पैसे मिलचेच राहतात. अर्थात खोटं बिल टाकलं असेल, तर हे संरक्षण नाही.

गाडी कुठे अडते?

सगळं त्या एका बटणावर अडतं. नियमाने कंपनीवर सक्ती केली ती नोंदणीची. तुमचं प्रत्येक बिल ट्रेड्सवर स्वीकारलंच पाहिजे, असं त्या अधिसूचनेत नाही. काही कंपन्या नोंदणी करून गप्प बसतात, कारण स्वीकारलेल्या बिलाची तारीख मग पुढे ढकलता येत नाही. म्हणून खरेदी विभागाला "तुम्ही ट्रेड्सवर आहात का?" एवढंच विचारू नका. अकाउंट्स विभागाला विचारा : कोणत्या प्लॅटफॉर्मवर आहात, आमच्यासारख्या पुरवठादारांची बिलं तिथे प्रत्यक्ष स्वीकारता का, आणि साधारण किती दिवसांत? त्यांनी सांगितलेल्याच प्लॅटफॉर्मवर तुमची नोंदणी करा. 'उद्यम' प्रमाणपत्र, जीएसटी, पॅन आणि बँक खात्याची कागदपत्रं लागतात.

स्वीकारायला होणारा उशीर हा दुसरा अडथळा. डाळीत तुकडा जास्त निघाला, वजनात घट आली, तर कंपनी कपात करते आणि बिलाची रक्कम जुळत नाही. मग बिल परत येतं, दुरुस्त करून पुन्हा टाकावं लागतं. स्वीकारायलाच 50 दिवस गेले तर उरलेल्या 40 दिवसांसाठी वटवून फारसा उपयोग नाही, तुरीचा हंगाम तेव्हा सरत आलेला असतो. कपात असेल तर ती आधी मिटवून घ्या आणि कमी झालेल्या रकमेचीच नोंद टाका.

कधी बिल स्वीकारलं जातं, पण बोलीच येत नाही. प्रत्येक बँक एका कंपनीवर किती पैसे लावायचे याची मर्यादा ठरवते. ती भरली असेल किंवा कंपनीची पत घसरली असेल, तर बिल तसंच पडून राहतं. नेहमी 9 टक्क्यांना जाणारं बिल अचानक 12 ला जाऊ लागलं, तर त्या कंपनीला पुढचा माल देताना जरा थांबून विचार करा. बाजाराने तुम्हाला काहीतरी सांगितलेलं असतं.

बँकेची परवानगी विसरू नका

ही चूक सर्रास होते. तुमची कॅश क्रेडिट असेल तर मालासोबत येणी रक्कमही बँकेकडे तारण असते. दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये तुम्ही येणी दाखवता आणि त्यावर तुमची उचल ठरते. तेच बिल ट्रेड्सवर वटवलं आणि स्टेटमेंटमध्येही ठेवलं, तर एकाच बिलावर दोनदा पैसे घेतले असा अर्थ होतो. म्हणून आधी बँकेकडून ना-हरकत पत्र घ्या आणि वटवलेलं बिल त्या यादीतून काढा. त्यामुळे तुमची उचल थोडी कमी होईल. तेव्हा ट्रेड्सचा खरा फायदा किती, हे ती घट वजा करूनच मोजा.

आणि ते 45 दिवस?

2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असला तरी 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत. त्यापुढे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. म्हणजे 90 दिवसांची टर्म कायद्यात बसतच नाही. हे संरक्षण उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना आहे, निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला नाही. पण पुढची ऑर्डर जाईल म्हणून मिलवाला तक्रार करत नाही.

आपल्या हिशोबाकडे पुन्हा बघा. वटवलेल्या 80 दिवसांपैकी 35 दिवस पंचेचाळिसाव्या दिवसाच्या आतले, उरलेले 45 त्यानंतरचे. या नंतरच्या दिवसांचं व्याज 11,096 रुपये होतं, म्हणजे एकूण खर्चाच्या निम्म्याहून जास्त. हा खर्च मिलने का सोसायचा? ट्रेड्सवर व्याज विक्रेत्याने भरायचं की खरेदीदाराने, हे आधी ठरवता येतं. तक्रार करायची नसेल, तरी दर ठरवतानाच हा आकडा टेबलावर ठेवता येतो : 90 दिवस हवे असतील तर पंचेचाळीसनंतरचं व्याज तुम्ही भरा, नाहीतर क्विंटलचा भाव तेवढा वाढवून द्या.

एक मर्यादा मात्र लक्षात असू द्या. अकोला किंवा नागपूरच्या ठोक व्यापाऱ्याला, भागीदारी पेढीला उधारीवर डाळ दिली असेल, तर तिथे ही सक्ती लागू नाही आणि त्यांच्या नावावर बोली लावायला बँकाही सहसा येणार नाहीत. ट्रेड्सचा उपयोग आहे तो मोठ्या, चांगल्या पतीच्या कंपनीवरच्या बिलाला. म्हणून येत्या हंगामाआधी आपली उधारीची यादी काढा, त्यातली अशी बिलं वेगळी करा आणि त्या कंपनीच्या अकाउंट्स विभागाला फोन लावा. तूर आल्यावर नाही, तूर यायच्या आधी. नोंदणी आणि बँकेचं ना-हरकत पत्र यातच काही आठवडे जाऊ शकतात.